बसून घ्यायचं माप

गल्लीत त्यांना सगळे पाऊणइंच मास्तर म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने अन्याय केला नव्हता. मास्तरांनी शिवलेल्या कुठल्याही पँटची शिवण उसवून बघा, आत पाऊण इंच जादा कापड दुमडलेलं सापडणारच. शिंप्यांच्या भाषेत त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी मायेसाठी अर्धा इंच सोडत आणि उरलेल्या कापडाच्या चिंध्या करत. मास्तर पाऊण सोडत. गिऱ्हाईक सुटलं, पोट पुढे आलं, पोरगं उंच झालं, तरी पँट टाकायची वेळ येत नसे. "जास्त असलं तर कापता येतं," ते गिऱ्हाइकाला सुनवत, "कमी पडलं तर मी काय माझी चामडी जोडू?"

चाळीस वर्षं त्यांनी पायाचं मशीन चालवलं. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पुढे मास्तर कापायचे आणि शिवायचे, मागे बायको काजं करायची, बटणं लावायची आणि मास्तर सांगतील ती मापं वहीत उतरवायची. तिचं अक्षर सुरेख, मास्तरांचं त्यांनाच वाचता येत नसे. तीन जाड वह्या भरल्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येकाचं पान त्यांत होतं, मेलेल्यांचंसुद्धा. मास्तरांचं स्वतःचं तेवढं नव्हतं. ते आपले कपडे अंदाजाने कापत आणि ते बरोबर बसत, याचा त्यांना फार दिमाख होता.

दुकान बंद झालं ते गुडघ्यांमुळे. आधी उजवा अडला, मग डावा. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांध्यातली गादी झिजली आहे, आता हे वाकणार थोडे आणि दुखणार जास्त. मास्तरांना खुर्चीतून उठताना टेबल लागू लागलं. आणि कमोड तर खुर्चीपेक्षा खाली. बसताना शेवटचा वीतभर प्रवास म्हणजे नुसतं पडणं, आणि उठताना दर वेळी तोंडचं पाणी पळायचं.

एका सकाळी उठता उठता ते कलंडले आणि भिंत आणि कमोड यांच्या मधल्या फटीत अडकले. हाड मोडलं नाही, हे नशीब. पण दाराला आतून कडी होती. मास्तर आतून घसटत आले, कसाबसा हात पोचवून त्यांनी कडी काढली, तोपर्यंत बाहेर बायको आणि तिने फोन करून बोलावलेली लेक रडकुंडीला आल्या होत्या.

लेक दोन रस्ते पलीकडे राहते आणि एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळते. तिने त्याच दिवशी फर्मान काढलं.

"बाबा, ही कडी मी काढून टाकणार. आणि सकाळी दोन तास एक माणूस ठेवू. तो तुम्हाला बसवेल, उठवेल."

"आत?" मास्तरांनी विचारलं.

"आत नाही तर काय गच्चीवर?"

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेला टेप लावला, पण स्वतःच्या कमरेला कुणाचा हात लागू दिला नाही, त्याला सकाळी सकाळी एका परक्या माणसासमोर लेंगा सोडायचा होता. शेवटी घासाघीस झाली. मास्तरांनी दोन आठवडे मागून घेतले. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते, ती आणतो, मग उठायला कुणी लागणार नाही. दोन आठवड्यांत पुन्हा काही झालं तर कडीही काढा आणि माणूसही ठेवा.

"आमच्या दवाखान्यात एक थेरपिस्ट बाई आहेत," लेक म्हणाली. "त्या घरी येऊन माप घेतात. त्यांना बोलावते."

"माप?" मास्तर खुर्चीत ताठ झाले. "माझं माप दुसरं कुणी घेणार? या घरात?"

बायको कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हसू दाबलेलं लेकीला दिसलं.

मास्तरांनी माप घेतलं ते असं. भिंतीला टेकून उभे राहिले, टेपचं एक टोक बायकोला जमिनीवर धरायला लावलं आणि दुसरं गुडघ्याच्या वाटीच्या वर आणलं. वीस इंच. त्यात त्यांनी दोन इंच माया धरली. कापड पाऊण इंचात भागतं, दुखऱ्या गुडघ्याला जास्त लागणार, असा त्यांचा हिशोब. बावीस. मग कमोडची उंची सीटसकट मोजली, ती सोळा निघाली. बावीसातून सोळा गेले, उरले सहा.

रुग्णसाहित्याच्या दुकानात त्यांनी सहा इंची सीट मागितली. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "सहा फार होते, आजोबा. माणूस उंच आहे का?"

"मीच आहे."

"मग चार बघा. बसून माप घेतलं होतं का?"

"चाळीस वर्षं मापंच घेतली," मास्तर म्हणाले. दुकानदाराने हात टेकले आणि खोकं काढलं. निघताना मात्र त्याने सांगितलं की जुनी सीट वर उचलायची किंवा काढायची, ही थेट भांड्याच्या कडेवर बसवायची आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे आवळायचे. मास्तरांनी मान हलवली. ऐकलं नाही, मान हलवली.

घरी येऊन त्यांनी नवी सीट जुन्या सीटवरच चढवली. चिनी मातीवर प्लास्टिक घासेल, खाली काहीतरी अस्तर हवं, असा विचार त्यांनी केला. चांगल्या कोटाला अस्तर असतंच. स्क्रूंच्या पंज्यांना भांड्याची कड पुरती सापडेना, तरी त्यांनी ते जुन्या सीटच्या काठावर आवळले. हाताने दाबून पाहिलं, हललं नाही. मास्तर खूश झाले. माणसाचं वजन हाताइतकं नसतं आणि ते सरळ खालीही पडत नाही, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत गेले, कडी उचलून खाचेत टाकली आणि बसले.

बसणं सोपं गेलं, इतकं सोपं की त्यांना हसू आलं. वीतभर पडणं नाही, गुडघ्यात कळ नाही. मागे टेकून त्यांनी सुस्कारा सोडला. मग खाली पाहिलं तर पाय जमिनीला टेकत नव्हते. अंगठ्याची टोकं लागत होती, तीही ताणली तर. टाचा हवेत. साठी उलटलेला माणूस शाळेतल्या बाकावरच्या पोरासारखा पाय लोंबकळत बसला होता.

काम उरकलं. आता उठायचं. मास्तरांनी पुढे सरकायला म्हणून अंग डावीकडे टाकलं आणि खालची सीट सरकली. तिच्यासोबत वरची सरकली. डाव्या बाजूला एक पंजा सुटल्याचा खट्ट आवाज आला. मास्तरांनी भिंतीवरच्या टॉवेलच्या दांड्याला हात घातला. दांडा धरला गेला, पण त्याचा एक स्क्रू भिंतीतून अर्धा बाहेर आला आणि मांडीवर चुना सांडला.

ते थांबले. श्वाससुद्धा हळू घेऊ लागले.

जरा पुढे सरकलं की सीट डावीकडे झुकत होती. मागे सरकलं की पाय आणखी वर जात होते. दोन्ही हातांनी दाबून उठावं तर दाबायला काहीच नव्हतं, एका बाजूला सुटलेला दांडा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत फरशी. गुडघे वाकून पाय मागे घेता आले असते तर निभावलं असतं, पण ते वाकले असते तर ही सीटच कशाला आणली असती? समोर, दोन हातांवर दार. दारावर कडी. आठवड्यापूर्वी पडले होते ती फट डाव्या हाताला होती, बरोबर जिकडे सीट झुकत होती तिकडे.

हाक मारावी, असं पहिल्या मिनिटालाच त्यांच्या मनात आलं. पण हाक मारली की बायको घाबरणार, लेकीला फोन लावणार, लेक सुतार घेऊन येणार, दार फुटणार आणि या अवस्थेत ते सगळ्यांना दिसणार. आणि उद्यापासून तो माणूस.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली.

"अहो, झालं का?"

"नाही. पोट साफ होत नाहीये."

"काल दोनदा झालं होतं की."

"म्हणूनच."

हे उत्तर कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. मग भिंतीला हात घासल्याचा आवाज आला आणि एक बारीक कण्हणं. बायको दाराबाहेर जमिनीवर बसली होती.

"तिथे कशाला बसलीस?"

"लसूण सोलतेय. इथे उजेड चांगला आहे."

दाराबाहेरच्या त्या बोळात कधी उजेड चांगला नव्हता.

वेळ जाईना. मांड्यांना सीटची कड रुतू लागली, कारण पाय टेकत नसल्यामुळे सगळा भार तिच्यावरच होता. उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग तो पाय आहे की नाही तेच कळेना. नळ थेंब थेंब गळत होता. मास्तरांनी बावीस थेंब मोजले आणि बावीस हा आकडा आठवून त्यांना स्वतःचा राग आला. त्यांनी पुन्हा एकदा सरकून पाहिलं. सीट पुन्हा झुकली, दांड्याचा दुसरा स्क्रूही हलला. आपण ज्याला उपाय म्हणून घरात आणलं, त्यानेच आपल्याला धरून ठेवलंय, आणि हे आपण आपल्या हातांनी मोजून, आवळून बसवलंय. त्यांना रडावंसं वाटलं. या वयात, इथे बसून, लेंगा घोट्याशी असताना.

"पोस्टातला तो जाड्या आठवतो?" बाहेरून बायको म्हणाली. "त्याचा कोट तुम्ही त्याला ट्रायलला घातलात आणि हाताची शिवण आवळून बसली. ना घालता येईना, ना काढता येईना."

"हं."

"अर्धा तास तसाच उभा होता बिचारा. लाजेने सांगेना. मी म्हटलं तेव्हा कळलं तुम्हाला."

"मग?"

"मग काय, शिवण उसवली. तो काही मेला नाही."

मास्तर हसले नाहीत. पण त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही मोजलं नाही.

तासाच्या वर झालं असेल. डावा हात दांड्यावरून घसरू लागला होता. आता तो सुटला तर ते पडणार हे त्यांना स्वच्छ कळलं. पडणं, किंवा हाक. एवढी दोनच मापं उरली होती. त्यांनी घसा साफ केला.

"अगं."

"काय?"

"मला उठता येत नाहीये."

बाहेर लसणाची ताटली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "येऊ का आत?"

"कडी आहे. सुताराला..."

"येऊ का, एवढंच सांगा."

"ये," मास्तर म्हणाले.

दार आणि चौकट यांच्या फटीतून एक चकचकीत पातळ जीभ आत आली. मास्तरांनी ओळखली. दुकानातली त्यांची कापायची पोलादी पट्टी. ती कडीच्या खाली गेली, वर झाली आणि कडी खाचेतून टुणकन सुटली. अर्धं मिनिटही लागलं नाही. दार उघडलं. बायको भिंतीला धरून उभी होती, एका हातात पट्टी.

"हे तुला कधीपासून येतं?"

"लेक तीन वर्षांची असताना आत कोंडून बसली होती, तेव्हापासून. मागच्या वेळी पट्टी दुकानात कुलपात होती."

"मग पट्टी आता आणलीस कुठून?"

"मांडीवरच होती. पहिल्यापासून." ती सीटकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. "तुम्ही बोलावलं नव्हतंत."

एवढा तास ती पट्टी मांडीवर घेऊन त्या थंड फरशीवर बसली होती.

तिने आधी सुटलेली बाजू जागेवर ढकलली, मग दोन्ही हातांनी सीट दोन्हीकडून घट्ट धरली आणि आपलं अंग डाव्या बाजूला लावलं. "आता सरका. हळू. माझ्याकडे नाही, दाराकडे बघा." मास्तर इंच इंच पुढे आले. आधी अंगठे लागले, मग चवडे, मग टाचा. पायांत जीव येईपर्यंत तसेच थांबले. मग दाराची चौकट धरून उभे राहिले. बायकोने खाली वाकून त्यांचा लेंगा वर केला आणि नाडी त्यांच्या हातात दिली. गाठ त्यांनी स्वतः मारली.

दुपारी लेक आली. बायको काहीच सांगणार नव्हती, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, उपटलेल्या दांड्यासकट. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती काही बोलायच्या आत ते म्हणाले, "त्या मापवाल्या बाईंना बोलाव."

थेरपिस्ट बाई बुटक्या आणि चटपटीत होत्या. त्यांनी मास्तरांना उभं केलंच नाही, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. "बाथरूममध्ये घालता त्या चपला घाला. पाय पुरते जमिनीवर. हं." आणि टेप गुडघ्याच्या मागे, घडी पडते तिथे लावला.

"सतरा," त्या म्हणाल्या.

"मी वाटीच्या वरून घेतलं होतं. उभ्याने," मास्तर म्हणाले.

"पँटचं घेतात तसं. पण सीटला गुडघ्याची मागची बाजू लागते, पुढची नाही. तुमचे गुडघे कडक आहेत, म्हणून इंचभर वर. अठरा. त्याहून जास्त नको. टाच टेकली नाही तर तुम्ही कितीही उंच बसा, उठणार कशाच्या जोरावर?"

मास्तर ऐकत राहिले. बोलणारी व्यक्ती आपल्या धंद्यातली आहे, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

बाईंनी ती सीट परत करायला लावली आणि चार पायांची चौकट मागवली. कमोडवर उभी राहणारी, दोन्हीकडे हात असलेली, स्वतःची सीट असलेली. तिच्या पायांना भोकं होती आणि भोकांत खटके. ती आली त्या दिवशी बाईंनी पुन्हा येऊन चारही खटके सारख्याच उंचीच्या भोकांत बसवले आणि प्रत्येक अंगठ्याने दाबून पुरता बाहेर आलाय का पाहिला. पायांची रबरं तपासली. कमोडची जुनी सीट वर केली. चौकट ठेवून तिरकी हलवली तर ती डगमगली. फरशीला जाळीकडे उतार होता आणि एक पाय अधांतरी होता. दोन बोटं मागे सरकवल्यावर चारही टेकले. मग त्या स्वतः बसल्या, एका हातावर जोर दिला, दुसऱ्यावर दिला.

"टॉवेलचा दांडा टॉवेलसाठी," जाता जाता त्या म्हणाल्या. "धरायचा दांडा हवा असेल तर गवंड्याकडून भिंतीत नीट ठोकून घ्या. आणि बसताना पोटऱ्या सीटला लागल्याशिवाय बसायचं नाही. उठताना दोन्ही हातांनी सरळ खाली दाबायचं."

त्या गेल्यावर लेक स्क्रूड्रायव्हर घेऊन कडीपाशी उभी राहिली. ठरलं होतं तसं. मास्तर बाजूला झाले. शब्द दिला होता.

"राहू दे ती. आणि माणूसही नको," बायको म्हणाली.

"आई, परत पडले तर?"

बायकोने दाराबाहेर, हाताला येईल अशा उंचीवर खिळा ठोकला आणि पोलादी पट्टी त्याला अडकवली. "तू पण शिकून घे," ती लेकीला म्हणाली. लेकीने दोनदा चुकून तिसऱ्यांदा कडी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आत गेले, कडी लावली. पोटऱ्यांना सीट लागली, तेव्हा बसले. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. उठताना दोन्ही हातांनी सरळ खाली दाबलं आणि एका दमात उभे राहिले. नाडी बांधली, हात धुतले, कडी काढली.

बाहेर बोळात बायको खाली बसली होती. मांडीवर तिसरी वही उघडी आणि हातात पेन्सिल. कोऱ्या पानावर तिच्या सुरेख अक्षरात वर लिहिलं होतं: घरचे. खाली: बसून, गुडघ्यामागून, चपलेसह, सतरा. माया एक.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ऊठ."

ती उठली. आधी एक हात भिंतीला, मग दुसरा, मग मध्येच थांबून एक बारीक कण्हणं, मग उरलेली उठली. त्या दिवशी तो आवाज त्यांनी दाराआडून ऐकला होता. आणि त्याआधी किती वर्षं ऐकला असेल कोण जाणे.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"काय?"

मास्तरांनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि तिच्या चपला पायाने तिच्यापुढे सरकवल्या. खिशातून टेप काढला. त्यांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून टेपचं टोक तिने चपलेच्या कडेखाली दाबून धरलं. मास्तरांनी दुसरं टोक तिच्या गुडघ्यामागे नेलं आणि आकडा वाचला.

"सोळा," ते म्हणाले. "लिही."

तिने पान उलटलं आणि लिहिलं.